मराठी-इंग्रजी मिश्र बोलण्याची सबटायटल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस मराठीत बोलायला लागतो, वाक्याच्या मध्यावर इंग्रजीत शिरतो आणि शेवटी पुन्हा मराठी क्रियापदावर येऊन थांबतो. अशा बोलण्याची मराठी सबटायटल्स लिहिताना जे प्रश्न सतत विचारले जातात, त्यांची ही उत्तरं आहेत. इंग्रजी सबटायटल्सबद्दलही एक प्रश्न पुढे आहे, पण मुख्य रोख मराठी ओळींवरच आहे, कारण खरी अडचण तिथे होते.

इंग्रजी शब्द आला की तो रोमन लिपीत लिहायचा का?

नाही. नवीन माणूस सगळ्यात आधी हेच करतो आणि अर्ध्या तासाच्या फाइलनंतर हात टेकतो. इंग्रजी शब्द मराठी वाक्यात आला की तो क्वचितच सुटा राहतो. त्याला आपले प्रत्यय चिकटतात: मीटिंगला, क्लाएंटच्या, डेडलाइनआधी. शब्द रोमनमध्ये आणि प्रत्यय देवनागरीत लिहिला की ओळ अशी दिसते:

```
Clientच्या meetingला मी late झालो
```

पाच शब्दांच्या ओळीत लिपी पाचदा बदलली. प्रेक्षकाचा डोळा प्रत्येक सांध्यावर अडखळतो. प्रत्यय सुटा लिहून पाहिला तर मराठी वाचणाऱ्याला 'च्या' आणि 'ला' अधांतरी लटकलेले दिसतात. त्यामुळे इथे सरळ 'क्लाएंटच्या मीटिंगला मी लेट झालो' असं लिहायचं. वाचणाऱ्याला 'मीटिंग' हा शब्द देवनागरीत हजारदा दिसलेला असतो. तो अक्षरं जुळवत बसत नाही, शब्दाचा आकारच ओळखतो.

शब्द कोणत्या भाषेतून आला हे बघूच नका. त्या क्षणी वाक्य कोणाच्या व्याकरणावर चाललंय ते बघा. 'मी तो ईमेल फॉरवर्ड करते' या वाक्यात अर्थाचा सगळा भार दोन इंग्रजी शब्दांवर आहे, पण कर्ता, क्रम आणि क्रियापद मराठी आहे. म्हणून ओळ मराठी आणि लिपी देवनागरी. तीच बाई 'आय विल फॉरवर्ड इट' म्हणाली, तर गाडी रूळ बदलून इंग्रजी व्याकरणावर गेली. भाषाशास्त्रात या कल्पनेला नीट बैठक आहे. कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात मिश्र वाक्याचा सांगाडा एका भाषेचा असतो आणि दुसरी भाषा त्यात शब्द भरते. सबटायटल लिहिताना एवढं पुरतं: सांगाडा कोणाचा?

पण बोलणारा पूर्ण उपवाक्यच इंग्रजीत बोलला तर?

तीन वाटा आहेत आणि तिन्ही लोक वापरतात. ते उपवाक्य देवनागरीत जसंच्या तसं लिहायचं, रोमनमध्ये लिहायचं, किंवा त्याचं मराठी करायचं.

पहिली वाट दिसायला सोपी आहे, वाचायला मात्र सगळ्यात जड. 'द रिपोर्ट शुड बी रेडी बाय मंडे' ही ओळ वाचताना तुम्हालाही मनात उच्चारूनच पुढे जावं लागलं असेल. 'रिपोर्ट' आणि 'रेडी' ओळखीचे आहेत, पण 'शुड बी' आणि 'बाय' या आकारांची डोळ्याला देवनागरीत सवय नाही. 'बाय' तर निरोपाचाही असू शकतो. ज्याला इंग्रजी येतं त्याला ही ओळ रोमनमध्ये पटकन वाचता आली असती. ज्याला येत नाही त्याला ती कोणत्याही लिपीत कळणार नाही. म्हणजे या वाटेने कोणाचंच भलं होत नाही. मी ती फक्त दोन-तीन शब्दांच्या घट्ट बसलेल्या तुकड्यांसाठी ठेवते: 'ओ माय गॉड', 'नो प्रॉब्लेम', 'थँक यू'.

उरलेल्या दोन वाटांमधली निवड काम सुरू करण्याआधी, संपूर्ण फाइलसाठी एकदाच करायची असते. प्रेक्षक इंग्रजी वाचतो असं गृहीत धरता येत असेल तर रोमन. येत नसेल तर मराठी भाषांतर. वेबसिरीज आणि मुलाखतींच्या कामांत बहुधा रोमन चालतं. शेतीचे, आरोग्याचे, सरकारी योजनांचे व्हिडिओ असतील तर इंग्रजी उपवाक्याचं मराठी करणंच योग्य, कारण तिथे माहिती पोचणं महत्त्वाचं, लकब नव्हे. एकाच फाइलमध्ये कधी हे आणि कधी ते मात्र करू नका.

एखादं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

मुलाखतीतला एक नमुना घेऊ. बोलणारी बाई आठ सेकंदांच्या जरा आतच हे सगळं बोलते. ऐकू येतं ते असं: मी त्याला क्लिअरली सांगितलं होतं की द रिपोर्ट शुड बी रेडी बाय मंडे, पण त्याने ना, लास्ट मोमेंटला सगळं चेंज करून टाकलं, सो नाउ आय डोन्ट नो व्हॉट टू डू.

आधी सांगाडे वेगळे करायचे. 'की'पर्यंत मराठी. मग 'मंडे'पर्यंत इंग्रजी. 'पण'पासून 'टाकलं'पर्यंत पुन्हा मराठी. इथे लास्ट, मोमेंट, चेंज असे तीन इंग्रजी शब्द आहेत, पण 'मोमेंटला' आणि 'चेंज करून टाकलं' यांनी ते मराठीत ओढून घेतलेत. 'सो'पासून शेवटपर्यंत इंग्रजी. म्हणजे शब्द मोजले तर इंग्रजी पाच ठिकाणी विखुरलेली दिसते, पण रूळ बदलण्याच्या जागा तीनच. त्या तीन जागीच ओळ किंवा सबटायटल तोडता आलं, तर लिपी कधीच ओळीच्या मध्ये बदलत नाही:

```
211
00:12:04,200 --> 00:12:07,800
मी त्याला क्लिअरली सांगितलं होतं की
the report should be ready by Monday,

212
00:12:07,880 --> 00:12:10,180
पण त्याने लास्ट मोमेंटला
सगळं चेंज करून टाकलं,

213
00:12:10,260 --> 00:12:12,060
so now I don't know what to do.
```

पहिल्या सबटायटलमध्ये वरची ओळ देवनागरी आणि खालची रोमन. डोळा ओळ संपवून खाली उतरतो तेव्हाच लिपी बदलते, त्यामुळे बदल बोचत नाही. 'त्याने ना'मधला 'ना' मी काढला. तो आवाजात ऐकू येतोच आणि वेळ कमी आहे. दोन सबटायटल्समधलं ८० मिलिसेकंदांचं अंतर म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेम. तेवढी फट नसली तर मजकूर बदलल्याचं डोळ्याला जाणवत नाही.

आता वेग बघा. पहिल्यात ७२ चिन्हं ३.६ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला २०. दुसऱ्यात ४५ चिन्हं २.३ सेकंदांत, साधारण तेवढाच वेग. तिसऱ्यात ३१ चिन्हं १.८ सेकंदांत, सेकंदाला १७ च्या आसपास. हा वेग ओढाताणीचा नाही, पण सैलही नाही. यापेक्षा वेगाने बोलणारी व्यक्ती असती तर मी आधी 'क्लिअरली' काढलं असतं आणि रोमन ओळीला हात लावला नसता. कारण तिथे प्रेक्षक इंग्रजी ऐकत इंग्रजी वाचतो आणि गाळलेला शब्द लगेच पकडतो.

हीच फाइल इंग्रजी न वाचणाऱ्यांसाठी असती, तर पहिल्या सबटायटलची दुसरी ओळ 'रिपोर्ट सोमवारपर्यंत तयार हवा,' अशी झाली असती आणि तिसरं सबटायटल 'आता काय करावं तेच कळत नाहीये.' असं.

'सो', 'बट', 'ॲक्चुअली' हे सांध्यावरचे शब्द कोणत्या बाजूला टाकायचे?

जोडणारा शब्द त्याच्या पुढच्या उपवाक्याचा. 'सो'नंतर इंग्रजी आलं म्हणून वर तो रोमनमध्ये गेला. ती 'सो आता काय करायचं?' म्हणाली असती तर 'सो' देवनागरीत, ओळीच्या सुरुवातीला. 'की' मात्र जिथे आहे तिथेच, मराठी ओळीच्या शेवटी राहू द्या. आपण बोलतानाही 'की' म्हणून क्षणभर थांबतो आणि मग पुढचं बोलतो. तीच थांबण्याची जागा ओळ तोडायला सापडते.

'ॲक्चुअली', 'बेसिकली', 'यू नो' हे बहुतेक वेळा दम घेण्यापुरते असतात. वेळ असेल तर ठेवा, नसेल तर बिनधास्त काढा. पात्राची ओळखच 'ॲक्चुअली'ने होत असेल, तर सुरुवातीच्या दोन-तीन वेळा ठेवून पुढे विरळ करता येतं.

ओळ तोडताना मिश्र वाक्यात वेगळं काय सांभाळायचं?

इंग्रजी शब्द आणि त्याला मराठी क्रियापद बनवणारं 'करणं' किंवा 'होणं' यांची ताटातूट करू नका. 'सगळं चेंज' एका ओळीत आणि 'करून टाकलं' दुसऱ्या ओळीत, असं झालं की 'चेंज' क्षणभर नाम वाटतं, सुट्टे पैसे असल्यासारखं, आणि वाचक मागे फिरतो. 'कन्फर्म कर', 'मॅनेज होतं', 'सेंड केलं' ही जोडपी एकत्र ठेवा. तसंच 'क्लाएंटच्या' आणि त्यापुढचं नाम.

४२ अक्षरांची मर्यादा असते. देवनागरीत अक्षर म्हणजे नक्की काय मोजायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला एकदा तरी चटका बसलेला असतो. दोन ओळी, ओळीला ४२ आणि एका सबटायटलला जास्तीत जास्त ७ सेकंद हे आकडे बऱ्याच नियमावल्यांत सापडतात. पण ४२ काय, ते सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतं. 'प्रॉब्लेम' घ्या. आपल्या दृष्टीने तीन अक्षरं: प्रॉ, ब्ले, म. संगणकाच्या साठवणीत मात्र नऊ चिन्हं, कारण काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे साठवले जातात. पायथनमध्ये `len("प्रॉब्लेम")` विचारलं तर उत्तर 9 येतं. तिसरी पद्धत युनिकोडच्या अक्षरगटांची. त्यातही मेख अशी, की २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमाने 'प्' आणि 'रॉ' हे दोन गट धरले जात, आता 'प्रॉ' एकच. म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला या शब्दात ५ दिसतात आणि नव्याला ३.

वरच्या उदाहरणातली पहिली ओळ, 'मी त्याला क्लिअरली सांगितलं होतं की', साठवलेल्या चिन्हांनी ३५ भरते आणि अक्षरांनी, मोकळ्या जागा धरून, फक्त १९. दुसऱ्या सबटायटलच्या दोन्ही ओळी जोडून एक केल्या तर चिन्हं ४६ होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. अक्षरं मोजली तर २९, म्हणजे आरामात आत. रोमनमध्ये हा घोळ नाही, तिथे तिन्ही मोजण्या सारख्या येतात. परिणामी मिश्र फाइलमध्ये चिन्हं मोजणारं सॉफ्टवेअर देवनागरी ओळींवर विनाकारण लाल खूण दाखवतं, आणि अक्षरं मोजणारं सॉफ्टवेअर देवनागरी ओळी प्रमाणाबाहेर लांबू देतं.

मी एकदा एका निर्मात्याकडे पूर्ण भाग पाठवला. माझ्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं होतं. त्यांच्या तपासणीत दीडेकशे ओळी परत आल्या, सगळ्या लांबीच्या कारणाने. दोन दिवस मी ओळी तोडत बसले होते, आणि फरक एवढाच होता की त्यांचं सॉफ्टवेअर चिन्हं मोजत होतं. तेव्हापासून काम घेतानाच 'प्रॉब्लेम' हा एक शब्द त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून किती आकडा येतो ते विचारते. ९, ५ की ३, यावरून सगळं कळतं. वाचनाचा वेगही त्याच मोजणीने ठरतो, हे विसरू नका.

इंग्रजी उपवाक्याचं मराठी करताना काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात, आणि दोन्ही मराठीच्या स्वभावामुळे.

पहिली, तू की तुम्ही. सून सासूशी, नवा मुलगा साहेबाशी किंवा वयाने थोड्याच मोठ्या सहकाऱ्याशी बोलताना मधेच इंग्रजीत जातो. याचं एक कारण 'यू'मध्ये लपता येतं हे आहे. 'तू येणार का?' म्हणणं उद्धट वाटेल आणि 'तुम्ही' म्हटलं तर परकेपणा येईल, म्हणून 'आर यू कमिंग?' हा मधला मार्ग. तुम्ही त्याचं मराठी केलं की त्या माणसाने शिताफीने टाळलेला निर्णय तुम्ही त्याच्या वतीने घेऊन टाकता. पुढे दोन प्रसंगांनी तो पहिल्यांदा 'तू' म्हणतो आणि समोरची व्यक्ती दचकते, तेव्हा तुमच्या सबटायटलमध्ये तो आधीपासूनच 'तू' म्हणत असतो. प्रसंग मेला. रोमन ठेवणं शक्य नसेल तर कर्त्याला बगल देणारी रचना शोधा. 'येणं होईल का?' किंवा 'यायचं का?' अशाने काम भागतं.

दुसरी, लिंग. 'आय विल सेंड इट' यातून बोलणारी बाई आहे की पुरुष हे कळत नाही. मराठीत आपण सहसा 'पाठवते' किंवा 'पाठवतो' म्हणतो, आणि त्यातलं एक निवडावं लागतं. बोलणारा पडद्यावर असेल तर प्रश्न नाही. फोनवरचा अनोळखी आवाज असेल, किंवा कोणाचा तरी संदेश मोठ्याने वाचला जात असेल, तर तुमचं 'पाठवते' रहस्य फोडू शकतं. तिथे 'पाठवेन' असं लिहा, त्यात लिंग कळत नाही.

एकच गोष्ट दोन्ही भाषांत लागोपाठ बोलली जाते. दोन्ही लिहायच्या का?

'मला नाही आवडत, आय डोन्ट लाइक इट.' असं आपण सगळेच बोलतो. ही पुनरुक्ती म्हणजे जोर देणं. दुसऱ्यांदा भाषा बदलून आपण पहिल्या वाक्याखाली रेघ ओढतो. मराठी सबटायटलमध्ये दोन्ही ठेवा, एक ओळ देवनागरी आणि एक रोमन. भाषांतराची फाइल असेल तर 'मला नाही आवडत. नाहीच आवडत.' असं दुसऱ्यांदा जोर वाढवून लिहा. तेच वाक्य तसंच दोनदा लिहिलं तर प्रेक्षकाला फाइलच चुकली असं वाटतं.

इंग्रजी शब्दांचं देवनागरी लेखन: 'प्रॉब्लेम' की 'प्रॉब्लम', 'ऑनलाइन' की 'ऑनलाईन'?

रूढ मराठी रूप निवडा आणि पूर्ण फाइलभर तेच वापरा. बोलणाऱ्याच्या उच्चारामागे धावू नका. एका पात्राचा 'प्रॉब्लेम' आणि दुसऱ्याचा 'प्रॉब्लम' लिहिलात तर दुसऱ्याची खिल्ली उडवल्यासारखं दिसतं. पात्राच्या उच्चारावरच विनोद असेल तेव्हाच तो लिहायचा.

मराठीची म्हणून काही पक्की वळणं आहेत आणि हिंदी फाइलवरून नक्कल करताना ती निसटतात. इंग्रजीतला दात-ओठांचा व आपण 'व्ह' लिहितो, म्हणून व्हिडिओ, व्हॅन. दोन्ही ओठांचा तो 'व', म्हणून वेबसाइट, वीकेंड. हिंदी वळणाने 'वीडियो' लिहिलेलं मराठी डोळ्याला लगेच खुपतं. शब्दाच्या शेवटची इ आणि उ दीर्घ: पार्टी, कॉफी. अनेकवचनाच्या बाबतीत बोललं जातं तेच लिहा. 'फ्रेंड्सना' म्हटलं तर 'फ्रेंड्सना'. त्याला इंग्रजीचा स आणि मराठीचा ना दोन्ही लागलेत म्हणून कोणी नाक मुरडलं तरी 'मित्रांना' करू नका.

खरी कटकट 'ॲ'ची. २००९ च्या शासन निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले गेले, पण टंकलेखनाच्या सवयींमुळे 'ॲप' अजून तीन प्रकारे लिहिलं जातं:

```
ॲप    U+0972 U+092A
अॅप   U+0905 U+0945 U+092A
ऍप    U+090D U+092A
```

पहिल्या दोन ओळी बऱ्याच फॉन्टमध्ये अगदी सारख्या दिसतात. संगणकासाठी मात्र ते वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडचं सामान्यीकरणही त्यांना एक मानत नाही. म्हणून 'शोधा आणि बदला' चालवून सगळीकडे बदल झाला असं समजाल, आणि अर्धे 'ॲप' तसेच राहतील. पहिलं रूप मराठीचं. तिसरं हिंदीच्या वळणाचं. काम संपवताना दुसरं आणि तिसरं शोधून पहिल्यात बदलून घ्या. दोन माणसं एकाच फाइलवर काम करत असतील तर हे हमखास निघतं.

आकडे आणि आद्याक्षरं?

आकडे 'थर्टी फाइव्ह' ऐकू आलं काय किंवा 'पस्तीस', अंकांतच लिहा आणि फाइलभर एकाच लिपीचे अंक ठेवा. 'ओटीपी', 'एचआर', 'पीडीएफ' देवनागरीत, कारण त्यांनाही 'ओटीपीला', 'एचआरने' असे प्रत्यय लागतात. रोमनमध्ये राहतं ते फक्त प्रेक्षकाने टाइप करायचं आहे ते: संकेतस्थळाचा किंवा ईमेलचा पत्ता.

अशाच बोलण्याची इंग्रजी सबटायटल्स करताना इंग्रजी भागावर सबटायटल बंद ठेवायचं का?

बंद ठेवू नका. वाक्याच्या मध्येच ओळ गायब झाली की प्रेक्षकाला वाटतं काहीतरी बिघडलं. शिवाय ज्याला आपला इंग्रजी उच्चार सवयीचा नाही, त्याला तो भागही वाचायलाच लागतो. ओळ सलग ठेवा, आणि जे इंग्रजी शब्द कानावर पडतात ते शक्यतो तेच वापरा. 'डेडलाइन' ऐकू येत असताना दुसराच प्रतिशब्द दिसला की प्रेक्षकाचं लक्ष गोष्टीतून उडून सबटायटलच्या चुका शोधण्यात जातं.

पण मराठीत मुरून अर्थ बदललेले शब्द याला अपवाद. 'टेन्शन घेऊ नको'मधलं टेन्शन म्हणजे काळजी. 'हॉटेलात जेवू' म्हणजे उपाहारगृहात. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. हे कानाला इंग्रजी आहेत, मनाने मराठी झालेत. यांचं भाषांतरच करायचं:

```
ऐकू येतं:  टेन्शन घेऊ नको, लाइट गेलीय फक्त.
सबटायटल:  Don't worry, it's only a power cut.
```

भाषा बदलली हे इंग्रजी सबटायटलमध्ये दाखवायचं का? रोजच्या बोलण्यात नाही. दर ओळीत तिरपी अक्षरं आली तर ती भिंतीच्या रंगासारखी दिसेनाशी होतात. बदलच प्रसंगाचा कणा असेल, समजा मोठी बहीण भांडता भांडता एकदम इंग्रजीत जाऊन विषय बंद करते, तर तेवढं एक वाक्य तिरपं करा. मराठी फाइलमध्ये मात्र देवनागरी तिरपी करू नका. या लिपीला तिरप्या अक्षरांची परंपराच नाही, फॉन्ट यंत्राने वाकवला की शिरोरेषा आणि मात्रा विचित्र दिसतात.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना भाषा बदलल्याचं कसं कळणार?

रोमनची वाट घेतली असेल तर लिपीवरूनच कळतं. भाषांतराची वाट घेतली असेल तर महत्त्वाच्या जागी ओळीआधी कंसात 'इंग्रजीत' असं लिहा. महत्त्वाची म्हणजे, समोरच्याला न कळावं म्हणून कोणी इंग्रजीत बोलतं तिथे. प्रत्येक वेळी लिहिलंत तर वाचणारा वैतागेल.

दोन लिप्या एका फाइलमध्ये आल्या की तांत्रिक गडबड कुठे होते?

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि रोमन ओळी मात्र ठणठणीत दिसतात. मिश्र फाइलमध्ये ही चूक फसवी असते, कारण तपासताना उघडलेली पहिलीच ओळ रोमन निघाली तर सगळं बरोबर वाटतं.

वेबव्हीटीटी स्वरूपात भाषेची खूण लावायची सोय आहे. प्रेक्षकाला ती दिसत नाही, पण फाइल पुढे कोणी शोधली, तपासली किंवा मोठ्याने वाचून घेतली तर उपयोगी पडते:

```
00:12:10.260 --> 00:12:12.060
<lang en>so now I don't know what to do.</lang>
```

इथे मिलिसेकंदांआधी टिंब आहे. एसआरटीमध्ये स्वल्पविराम असतो. एका स्वरूपातून दुसऱ्यात हाताने उतरवताना हाच फरक नजरेतून सुटतो आणि मग एकही सबटायटल दिसत नाही.

सबटायटल्स व्हिडिओवर कायमची उमटवायची असतील तर दोन्ही लिप्या ज्यात आहेत असा एकच फॉन्ट घ्या. 'मुक्त' या फॉन्टमध्ये त्या दोन्ही आहेत. फॉन्टमध्ये रोमन नसेल तर सॉफ्टवेअर दुसराच कुठला फॉन्ट उचलतं आणि खालची ओळ वरच्यापेक्षा ठळक किंवा बुटकी दिसते. उमटवल्यावर 'क्लिअरली', 'दुसऱ्या' आणि 'ॲप' हे तीन शब्द असलेली जागा थांबवून बघा. 'क्लि'मध्ये हलन्त सुटा दिसला, वेलांटी चुकीच्या जागी गेली किंवा 'ऱ्या' फुटला, तर जोडाक्षरं जुळवणारा भाग चालत नाहीये. 'ॲ'च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे. ते चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडणार नाही.